वीस पानांची केस, एक पान आणि महिकोने मागे घेतलेला अर्ज

प्रश्न : मी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचा. सध्या एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या मॅडम दर आठवड्याला पंधरा-वीस पानांची एक केस देतात आणि वर्गात येण्याआधी तिचं एका पानात टिपण मागतात : समस्या, पर्याय, निर्णय, कारणं. माझ्या टिपणावर दर वेळी एकच शेरा येतो, ‘हा गोषवारा झाला, टिपण कुठे आहे?’ काय गाळायचं तेच कळत नाही, सगळंच महत्त्वाचं वाटतं. शिवाय निर्णय कंपनीचा लिहायचा की माझा? आमच्या भागातलं एखादं उदाहरण घेऊन असं पान प्रत्यक्ष करून दाखवाल का?
— एक वाचक, अंतरवाली सराटी (जि. जालना)

उत्तर : उदाहरण तुमच्या जिल्ह्यातलंच घेऊ. तुमच्या शिवारात कपाशी आहे, म्हणजे बीटी बियाण्याचं पाकीट तुम्ही लहानपणापासून पाहिलं असणार. त्या पाकिटामागची एक कंपनी जालन्याची : महाराष्ट्र हायब्रीड सीड्स, म्हणजे महिको. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली ती सुरू केली. जुलै 2016 मध्ये महिकोने एक निर्णय घेतला. कपाशीच्या एका नव्या जनुकीय वाणाच्या मंजुरीसाठी केंद्र सरकारकडे केलेला अर्ज तिने स्वतःहून मागे घेतला. मंजुरीची प्रक्रिया अनेक वर्षं चालली होती आणि शेवटच्या टप्प्यात आली होती. इतक्या जवळ येऊन कुणी मागे का फिरेल, या प्रश्नात एक चांगली केस दडलेली आहे.

आधी ही केस जशी तुमच्या हातात पडेल तशी, म्हणजे सगळ्या पसाऱ्यासह सांगतो. पसारा दिसल्याशिवाय काय गाळायचं ते समजणार नाही.

बोंडअळीला मारणारं बीटी जनुक अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचं. भारतात ते आणण्यासाठी मोन्सँटो आणि महिको यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सँटो बायोटेक ही कंपनी काढली. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला मंजुरी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं. संयुक्त कंपनीने हे तंत्रज्ञान देशातल्या अनेक बियाणे कंपन्यांना परवान्यावर दिलं आणि प्रत्येक पाकिटामागे त्यांच्याकडून रॉयल्टी घेतली. काही वर्षांतच देशातल्या कपाशीच्या 90 टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी पसरली. रॉयल्टी फार आहे ही तक्रारही तितकीच जुनी. 2006 मध्येच आंध्र प्रदेश सरकार ती घेऊन मक्तेदारीविरोधी आयोगाकडे गेलं होतं, आणि तिथून राज्यांनी पाकिटाचे दर बांधायला सुरुवात केली. पुढे नुजिवीडू सीड्स या मोठ्या परवानाधारक कंपनीशी रॉयल्टीवरून वाद होऊन प्रकरण कोर्टात गेलं. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कपाशी बियाण्याच्या दरनियंत्रणाचा आदेश काढला. मार्च 2016 मध्ये बोलगार्ड-2 च्या 450 ग्रॅमच्या पाकिटाचा कमाल दर देशभर 800 रुपये ठरला आणि त्यातली रॉयल्टी सुमारे 163 रुपयांवरून 49 रुपयांवर आणली गेली. मे 2016 मध्ये कृषी मंत्रालयाने आणखी एक अधिसूचना काढली. नव्या जनुकीय तंत्रज्ञानाची रॉयल्टी पहिली पाच वर्षं बियाण्याच्या कमाल विक्रीदराच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, आणि पात्र बियाणे कंपनीने मागितल्यास तंत्रज्ञानाचा परवाना 30 दिवसांत द्यावा, असं तिच्यात होतं. ओरड झाल्यावर काही दिवसांतच सरकारने ती मागे घेतली आणि मसुदा म्हणून 90 दिवसांसाठी हरकतींना खुली केली.

याच सुमारास मंजुरीच्या रांगेत उभं होतं बोलगार्ड-2 राऊंडअप रेडी फ्लेक्स. बोंडअळीला रोखणारं आणि वर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं तरी न मरणारं कपाशीचं वाण. खुरपणीला माणसं मिळण्याची मारामार असलेल्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तंत्रज्ञान मोन्सँटोचं होतं आणि अर्जदार महिको. जुलैमध्ये महिकोने पर्यावरण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीला पत्र लिहून अर्ज मागे घेतला. ऑगस्टच्या अखेरीस ही बातमी बाहेर आली.

आता तुमच्यासारखा विद्यार्थी काय करतो? 2002 पासून सुरुवात करतो. बीटीचं आगमन, आंध्रची तक्रार, नुजिवीडूचा वाद, दरनियंत्रण असं क्रमाने लिहीत जातो, आणि महिकोचा अर्ज येईपर्यंत पान भरतं. शेवटच्या चार ओळींत निर्णय आणि कारण उरकून टाकतो. मॅडमचा शेरा इथून येतो. केस लिहिणाऱ्याने गोष्ट काळाच्या क्रमाने सांगितलेली असते. टिपणाचा क्रम वेगळा असतो. ते एका विशिष्ट दिवसापासून सुरू होतं, ज्या दिवशी कुणाला तरी हो किंवा नाही म्हणायचं होतं.

म्हणून पहिल्या वाचनात अधोरेखित काहीच करू नका. फक्त तीन गोष्टी शोधा आणि समासात लिहा : निर्णय कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या माणसाच्या हातात नेमकं काय होतं. आपल्या केसमध्ये निर्णय महिकोचा आहे, तोही मोन्सँटोला सोबत घेऊन, कारण तंत्रज्ञान त्यांचं. वेळ जुलै 2016 ची. हातात काय होतं? अर्ज पुढे न्यायचा की नाही, एवढंच. पाकिटाचा दर महिकोच्या हातात नव्हता, मसुदाही नव्हता, नुजिवीडूचा खटला कोर्टाच्या हातात होता. या तीन ओळी लिहिल्या की गाळणं सोपं होतं. प्रत्येक माहितीला विचारायचं : जुलै 2016 मध्ये ‘अर्ज पुढे न्यायचा का’ या प्रश्नाचं उत्तर हिच्यामुळे बदललं असतं का? 2006 ची आंध्रची तक्रार नसती तरी मसुदा आला की प्रश्न तोच राहिला असता. ती गेली. ‘90 टक्के क्षेत्र’ हा आकडा देखणा आहे, पण तो जुन्या वाणाचा. तोही गेला. मसुद्यातली 30 दिवसांची अट मात्र राहते, कारण ती नसती तर प्रश्नच वेगळा झाला असता.

‘समस्या’ या मथळ्याखाली बहुतेकांची गाडी अडते. माझ्या पाहण्यात तीन प्रकारची वाक्यं येतात. ‘कंपनीपुढे अनेक अडचणी होत्या’ हे खरं असतं आणि त्यातून काहीच कळत नाही. ‘सरकारचं धोरण कंपन्यांना मारक होतं’ हा आरोप झाला. धोरण महिकोला बदलता येत नव्हतं, त्यामुळे तिच्या दृष्टीने ती परिस्थिती होती. तिसरं वाक्य सर्वांत फसवं : ‘अर्ज मागे घ्यावा का?’ यात एक पर्याय समस्येच्या जागी येऊन बसला आहे, आणि तो तिथे बसला की बाकीचे पर्याय शोधण्याची गरजच वाटत नाही. चांगल्या समस्येत ताण दिसतो, दोन हव्याशा गोष्टी एकत्र मिळत नाहीत असा. महिकोला नवं वाण बाजारात आणायचं होतं आणि त्यामागचं तंत्रज्ञान कुणाला, कोणत्या अटींवर द्यायचं हा अधिकारही राखायचा होता. मसुदा नियम झाला असता तर पहिलं मिळवताना दुसरं जाण्याची भीती होती. हा ताण एका वाक्यात आला की समस्या झाली.

पर्यायांबद्दल मी जरा कडक आहे. टिपणात बहुधा तीन पर्याय असतात आणि त्यातले दोन केवळ हरण्यासाठी उभे केलेले. ‘पर्याय 1 : काहीही न करणे. पर्याय 2 : भारतातून बाहेर पडणे. पर्याय 3 : जो कंपनीने निवडला.’ असं टिपण वाचताना शिक्षकाला कळतं की लिहिणाऱ्याने उत्तर आधी पाहिलं आणि पर्याय नंतर रचले. कसोटी अशी : त्या खुर्चीतला समंजस माणूस त्या दिवशी हा पर्याय निवडू शकला असता का? महिकोपुढे असे खरे पर्याय तीन होते. अर्ज पुढे रेटायचा. किंवा अर्ज तसाच ठेवून मसुद्यावर हरकत नोंदवायची आणि अंतिम नियमाची वाट पाहायची. किंवा अर्ज मागे घ्यायचा. चौथा, कोर्टात जाण्याचा, कागदावर सुचतो. पण मसुदा अजून नियम झाला नव्हता, त्यामुळे त्याविरुद्ध कोर्टात मागायला फारसं काही नव्हतं. तो पर्याय का घेतला नाही हे एका ओळीत सांगितलं तरी पुरे. प्रत्येक पर्यायापुढे त्याची किंमतही लिहायची असते, आणि निवडलेल्या पर्यायाची तर हमखास. अर्ज मागे घेण्याची किंमत महिकोने मोजलीच : अनेक वर्षांच्या चाचण्यांचं फळ लांबणीवर पडलं, आणि पुढे कधी यायचं ठरलं तर पुन्हा रांगेत उभं राहावं लागणार होतं.

आता कारणं. पानाचा निम्मा भाग यांच्यासाठी ठेवा. इथे मी तुम्हाला या केसमधला एक सापळा दाखवतो, कारण तो चुकवायला शिकलात की अशा बऱ्याच केस तुम्हाला वेगळ्या दिसू लागतील.

केस वाचल्यावर पहिलं कारण मनात येतं ते पैशाचं : रॉयल्टी 163 ची 49 झाली, कंपनी नाराज झाली, अर्ज मागे घेतला. ऐकायला सरळ आहे. आता आकडे शेजारी ठेवा. 49 रुपये जुन्या वाणाला, बोलगार्ड-2 ला लागू होते. नव्या वाणाला लागू होणार होती ती मसुद्यातली 10 टक्क्यांची मर्यादा. नव्या बियाण्याचा दर जुन्याइतकाच, 800 रुपये धरला तरी 10 टक्के म्हणजे 80 रुपये. दर त्याहून जास्त ठरला असता तर रॉयल्टीही वाढली असती. म्हणजे नव्या वाणावर मिळू शकणारी रॉयल्टी जुन्यावर मिळत असलेल्या रॉयल्टीपेक्षा जास्त होती. मग केवळ ‘रॉयल्टी कापली’ हे कारण अर्ज मागे घेण्याला पुरत नाही. 163 ची सवय असलेल्या कंपनीला 80 सुद्धा कमीच वाटले असतील हे मान्य. पण पैशाची गोष्ट एवढीच असती तर घासाघीस झाली असती, माघार नाही.

उरते ती सक्तीच्या परवान्याची अट. महिकोने आपल्या पत्रात आक्षेप घेतला तोही यावरच : स्वतःच्या मालकीचं तंत्रज्ञान इतर बियाणे कंपन्यांना देण्याची सक्ती आणि त्यातून बौद्धिक संपदेच्या संरक्षणाबद्दल उभी राहणारी शंका. मोन्सँटोनेही व्यवसायाच्या आणि नियमांच्या अनिश्चिततेकडे बोट दाखवलं. कंपनीचं म्हणणं आणि आकड्यांची मांडणी एकाच दिशेला जातात, तेव्हा ते कारण पानावर वर घ्यायचं. कंपनी बोलते म्हणून ते आपोआप खरं ठरत नाही, हेही लक्षात असू द्या. म्हणून टिपणात ‘कंपनीने सांगितलेलं’ आणि ‘केसमधल्या आकड्यांवरून मी काढलेलं’ हे वेगळं ठेवा. दोन शब्दांची खूण पुरते, पण ती हवीच.

याच ओघात आणखी एक सावधगिरी. मे 2016 मध्ये बायरने मोन्सँटो विकत घेण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. तुमच्यासारख्या चौकस विद्यार्थ्याला लगेच वाटेल, खरं कारण तेच असणार. असू शकतं. पण हा अर्ज आणि तो सौदा यांना जोडणारं काही समोर नसेल तर ते पानावर येत नाही. वर्गात तोंडी विचारा, चर्चा रंगेल. लिहिताना मात्र आधार नसलेलं कारण आधार असलेल्या कारणांचंही वजन घालवतं.

एवढी तयारी झाल्यावर पान असं दिसेल :

महिको : तणनाशक-सहिष्णू कपाशीचा मंजुरी अर्ज (जुलै 2016)

समस्या. नव्या कपाशी वाणाचा महिकोचा अर्ज मंजुरीच्या शेवटच्या टप्प्यात आहे. तंत्रज्ञान मोन्सँटोचं आहे. मे 2016 च्या सरकारी मसुद्यानुसार अशा तंत्रज्ञानाचा परवाना पात्र कंपनीला मागणीनंतर 30 दिवसांत द्यावा लागेल आणि रॉयल्टी पहिली पाच वर्षं कमाल विक्रीदराच्या 10 टक्क्यांच्या आत राहील. मसुदा हरकतींसाठी खुला आहे. नियम अंतिम होण्याआधी, तंत्रज्ञानावरचा ताबा न गमावता या अर्जाचं काय करायचं?

पर्याय. (अ) अर्ज पुढे नेणे : वाण लवकर बाजारात येईल, मसुदा नियम झाला तर तंत्रज्ञान प्रतिस्पर्ध्यांना सरकारी अटींवर द्यावं लागेल. (आ) अर्ज तसाच ठेवून हरकत नोंदवणे : अर्जातली जागा टिकते, पण वाट पाहताना सरकारवर दबाव येत नाही आणि मधेच मंजुरी आली तर (अ) चीच परिस्थिती. (इ) अर्ज मागे घेणे : ताबा राहतो, अनेक वर्षांचं काम लांबणीवर पडतं, पुढचा हंगाम जातो. (कोर्टाचा मार्ग विचारात घेतला नाही : मसुदा अजून नियम नाही.)

निर्णय. (इ). महिकोने मूल्यांकन समितीला पत्र देऊन अर्ज मागे घेतला.

कारणं. 1. कंपनीने सांगितलेलं : तंत्रज्ञान इतरांना देण्याची सक्ती आणि बौद्धिक संपदेबद्दलची अनिश्चितता. 2. माझा निष्कर्ष : मुख्य मुद्दा रॉयल्टीच्या रकमेचा नाही. बियाण्याचा दर 800 रुपये धरला तरी 10 टक्के म्हणजे 80 रुपये, जुन्या वाणाच्या 49 पेक्षा जास्त. अडचण परवाना कुणाला द्यायचा हे ठरवण्याच्या अधिकाराची आहे. 3. माझा निष्कर्ष : मागे घेतलेला अर्ज पुन्हा करता येतो, पण एकदा बाजारात गेलेलं वाण आणि दिलेले परवाने परत घेता येत नाहीत. 4. माझा निष्कर्ष, (आ) ऐवजी (इ) का : मसुद्यावर चर्चा चालू असतानाच माघार घेतल्याने धोरणाची किंमत सरकारला दिसते.

काय बदललं तर निर्णय बदलेल. अंतिम नियमातून सक्तीच्या परवान्याची अट गेली तर अर्ज पुन्हा करावा.

पान इथे संपतं. नेहमीच्या अक्षरात हे एका ए-फोर पानात बसतं आणि समास मोकळा राहतो. वर्गात इतरांचं ऐकताना तो समास लागतो.

तिसरं आणि चौथं कारण पुन्हा वाचा. चांगल्या कारणाची माझी कसोटी अशी : ते कारण निवडलेल्या पर्यायाला दुसऱ्या क्रमांकाच्या पर्यायापासून वेगळं काढतं का? ‘कंपनीला बौद्धिक संपदा महत्त्वाची वाटते’ हे (आ) ला जितकं लागू तितकंच (इ) ला. तेवढ्याने हरकत नोंदवून वाट पाहणंही योग्य ठरलं असतं. चौथं कारण नसेल तर टिपण (अ) आणि (इ) मधला फरक सांगतं, पण खरी लढत असते (आ) आणि (इ) मध्ये. टिपण लिहून झालं की ‘निर्णय’ हा भाग बोटाने झाकून कारणं एखाद्या मित्राला वाचायला द्या. निर्णय कोणता, हे त्याला ओळखता आलं नाही तर कारणं सैल आहेत.

या केसमध्ये एक ओढ तुम्हाला फार जाणवेल, आणि ती भल्याभल्यांना आवरत नाही. पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. 2017 मध्ये विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली, तुमच्या शिवारातही त्या सालाच्या आठवणी असतील. तणनाशक-सहिष्णू बियाणं विनापरवाना शेतात पोचलं. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे पेरून आंदोलन केलं. यातलं काहीही जुलै 2016 च्या पानावर येता कामा नये. ‘अर्ज मागे घेतल्यामुळे बेकायदा बियाणं फोफावलं, म्हणून निर्णय चुकला’ असं वाक्य टिपणात दिसलं तर समजावं की लिहिणारा त्या खुर्चीत बसलाच नाही. त्या दिवशी जे माहीत होतं किंवा माहीत करून घेता येत होतं, तेवढंच कारणांत. परिणामांवर मॅडमना काही हवं असेल तर पानाच्या मागे, वेगळ्या मथळ्याखाली लिहा.

तुमचा दुसरा प्रश्न : निर्णय कंपनीचा की माझा? केस दोन तऱ्हांच्या असतात. काहींत शेवटचा परिच्छेद अधिकाऱ्याला खिडकीशी विचार करत सोडतो आणि निर्णय दिलेलाच नसतो. तिथे निर्णय तुमचा, आणि ‘आम्ही अमुक करावं असं सुचवतो’ अशा स्पष्ट क्रियापदाने लिहायचा. काहींत, महिकोसारख्या, निर्णय इतिहासात नोंदलेला असतो. तिथे तो जसा झाला तसा लिहायचा आणि तुमचं मत वेगळं असेल तर खाली ‘माझी शिफारस’ म्हणून दोन ओळी. दोन्ही एकत्र कालवले की वाचणाऱ्याला कोण बोलतंय ते कळत नाही. या केसमध्ये माझं स्वतःचं मत कंपनीपेक्षा वेगळं आहे. मसुदा 90 दिवसांसाठी खुला होता आणि जुलैमध्ये ती मुदत अजून संपलेली नव्हती. एकदा काढलेली अधिसूचना सरकारने काही दिवसांत मसुद्यात बदलली होती, म्हणजे मागे सरायची तयारी दिसत होती. अशा वेळी मी (आ) निवडला असता : हरकत नोंदवून, आणि सक्तीची अट राहिली तर अर्ज मागे घेऊ असं त्याच पत्रात स्पष्ट लिहून. वर्गात माझ्या या मताला विरोध करणारे निघतील आणि त्यांच्याकडे वर दिलेलं चौथं कारण असेल. वाद (आ) आणि (इ) वर झाला तर टिपणाचं काम झालं.

एक गोष्ट तुमच्या गावामुळे मुद्दाम सांगतो. कपाशी पिकवणाऱ्या घरातला विद्यार्थी ही केस वाचताना नकळत शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो आणि पानावर लिहितो, ‘शेतकऱ्याला खुरपणीचा खर्च वाचवणारं बियाणं मिळालं नाही.’ हे खरं दुःख आहे. पण महिकोच्या खुर्चीतून तो (इ) या पर्यायाच्या किमतीतला एक भाग आहे, समस्या नाही. शेतकऱ्याला मध्यभागी ठेवायचं असेल तर खुर्ची बदला आणि दुसरं पान लिहा, कृषी मंत्रालयाचं, मे 2016 चं. तिथली समस्या : बियाणं परवडणाऱ्या दरात राहावं आणि नवं तंत्रज्ञानही येत राहावं. पर्यायही बदलतात. दर बांधायचा, रॉयल्टी बांधायची, परवाना सक्तीचा करायचा, की सार्वजनिक संशोधन संस्थांकडून स्वतःचं बीटी वाण काढून घ्यायचं. तिथे 163 आणि 49 हे आकडे पानावर अगदी वर येतात. महिकोच्या पानावर मात्र 163 कुठेच नाही आणि 49 फक्त तुलनेपुरता आला. एकाच केसमधली एकच संख्या एका पानावर मथळ्याजवळ आणि दुसऱ्यावर तळाशी, हे एकदा स्वतः करून पाहा. दोन्ही पानं एकाच बैठकीत लिहिली तर मॅडमचा शेरा कशामुळे येतो ते चटकन दिसेल.

अहमदाबादच्या आयआयएममध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना लेखी केस-विश्लेषणाचा स्वतंत्र विषय असतो. तो तिथे अवघड समजला जातो. केस पद्धत तशी जुनी. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये पहिली केस 1921 मध्ये लिहिली गेली, एका बूट कंपनीची. म्हणजे पान कसं लिहावं यावर शंभर वर्षं वाद चालू आहे, आणि तुमच्या मॅडम मागतात ते चार मथळे हा त्यातला एक मांडणीचा प्रकार. कुणी ‘पुढची पावलं’ जोडतं, कुणी ‘गृहीतकं’. मी ‘काय बदललं तर निर्णय बदलेल’ ही ओळ जोडली ती माझी आवड. मॅडमना चालत नसेल तर ती कारणांच्या शेवटी टाका, पण सोडू नका. ती लिहिताना कोणतं कारण खरोखर वजनाचं आहे ते आपोआप पुढे येतं. वरच्या पानात ते सक्तीच्या परवान्याचं निघालं, रॉयल्टीच्या रकमेचं नाही.

वेळेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. वीस पानांच्या केसला मी पहिल्या वाचनानंतर समासातल्या त्या तीन ओळी लिहायला लावतो, आणि मग सरळ ‘पर्याय’ लिहायला सांगतो. ‘समस्या’ सर्वांत शेवटी पक्की होते, कारण पर्याय हातात आल्याशिवाय ताण कुठे आहे तेच दिसत नाही. पान मात्र वाचणाऱ्यासाठी समस्येपासून सुरू होतं. पुढच्या आठवड्याची केस याच क्रमाने करून पाहा, आणि शेरा काय आला ते कळवा. टिपण सोबत जोडलंत तर याच सदरात त्यावर बोलू.